पर्सनल लोनच्या ॲग्रीमेंटमधून कामाच्या चार गोष्टी कशा शोधायच्या

पहिल्यांदा लोन घेणाऱ्याला साधारण तीन आकडे तोंडपाठ असतात: लोन किती, EMI किती, किती वर्षं. मग मेलवर तीस-पस्तीस पानांची PDF येते, OTP टाकला की सही झाली, आणि पैसे खात्यात आले की ती PDF परत कुणी उघडत नाही. ती पूर्ण वाचा असं मी म्हणणार नाही, मला माहितीये कुणी वाचत नाही. त्यातल्या चारच गोष्टी शोधायच्या: व्याज खरं किती पडतंय, हप्ते कसे लागतायत, काय झालं तर तुम्ही डिफॉल्टर ठरता, आणि लोन लवकर बंद करायचं म्हटलं तर काय द्यावं लागेल. अडचण एवढीच की या चार गोष्टी चार ठिकाणी पसरलेल्या असतात आणि त्यातली एखादी भलत्याच हेडिंगखाली असते.

आधी कागदांची रचना समजून घ्या. ॲग्रीमेंटचा मोठा भाग सगळ्या ग्राहकांना सारखाच असतो, त्यात तुमचा एकही आकडा नसतो, नुसतं "शेड्यूलमध्ये दिलेल्या दराने", "शेड्यूलमध्ये दिलेल्या तारखेला" असं लिहिलेलं असतं. तुमचे आकडे शेवटी, शेड्यूल किंवा ॲनेक्शर नावाच्या पानांवर असतात. म्हणजे वाचन मागून सुरू करायचं. आणि या सगळ्याच्या आधी एक कागद हातात घ्यायचा, की फॅक्ट स्टेटमेंट, ज्याला बँकवाले नुसतं KFS म्हणतात. रिझर्व्ह बँकेने 15 एप्रिल 2024 ला सर्क्युलर काढून 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या रिटेल लोनना हे सक्तीचं केलंय, बँक असो नाहीतर NBFC, म्हणजे बँक नसलेली फायनान्स कंपनी. ते सही करायच्या आधी द्यायचं असतं, तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं (मराठीत मागा, मागायला काय जातंय), आणि ते किमान तीन कामाचे दिवस व्हॅलिड असतं, म्हणजे तेवढ्या दिवसांत तुम्ही हो म्हणालात तर त्याच अटींवर लोन द्यायला ते बांधील असतात. "सर आज सही नाही केली तर ऑफर जाईल" असं कुणी म्हणालं तर KFS वरची तारीख बघा. आणि जो चार्ज KFS मध्ये नाही तो तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही, हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता एक उदाहरण धरून चालू, आकडे मी बनवलेत पण बाजारात दिसतात तसेच आहेत. 3 लाखांचं लोन, 36 महिने, 14 टक्के, फिक्स्ड, आणि रिड्युसिंग बॅलन्स, म्हणजे व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर. EMI येतो 10,253 रुपये.

व्याज

14 टक्के हा आकडा खोटा नाही, पण ती तुम्हाला पडणारी किंमत नाही. खात्यात 3 लाख येणारच नाहीत. प्रोसेसिंग फी अडीच टक्के म्हणजे 7,500, त्यावर 18 टक्के GST 1,350, झाले 8,850. वर लोन सुरक्षा म्हणून एक इन्शुरन्स जोडलेला, 4,500 चा. दोन्ही कापून खात्यात जमा होतात 2,86,650. EMI मात्र पूर्ण 3 लाखांवर. म्हणजे जे 13,350 रुपये तुम्ही हातात धरलेच नाहीत त्यावरही तीन वर्षं व्याज भरताय. हे सगळं धरून जो वार्षिक दर निघतो त्याला APR म्हणतात आणि तो KFS मध्ये छापावाच लागतो, इन्शुरन्ससारखे दुसऱ्यासाठी वसूल केलेले पैसेही त्यात धरावे लागतात. स्वतः ताडून बघायचं तर एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये हे टाका:

```
=RATE(36,-10253,286650)*12
```

उत्तर येतं साधारण 17.2 टक्के. 14 कुठे आणि 17.2 कुठे. दोन ठिकाणच्या ऑफर कंपेअर करताना फक्त APR कंपेअर करा, कारण 13 टक्केवाल्याची फी जास्त असेल तर तो 14 वाल्यापेक्षा महाग पडू शकतो. तुम्ही काढलेला आकडा KFS मधल्या APR पेक्षा बराच जास्त आला तर समजायचं की कापलेल्या पैशांपैकी काहीतरी त्यांनी हिशोबात धरलेलं नाही, बहुतेक वेळा ते इन्शुरन्स निघतं. मग विचारायचं की हा इन्शुरन्स घ्यायलाच पाहिजे का, आणि नसेल घ्यायचा तर तो काढून नवीन KFS द्या.

दुसरी गोम फ्लॅट रेटची. फोनवर "सर फक्त 9 टक्के" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा तो फ्लॅट असतो, म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण 3 लाखांवरच धरायचं. 3 लाखांवर 9 टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज 81,000, EMI 10,583. वरच्या 14 टक्क्यांच्या EMI पेक्षा जास्त! रिड्युसिंगमध्ये मोजलं तर तो दर 16.2 च्या आसपास जातो. हे पकडायची सोपी युक्ती: हप्त्यांच्या तक्त्यातली पहिली ओळ बघा, पहिल्या महिन्याचं व्याज भागिले लोनची रक्कम, गुणिले 12. आपल्या उदाहरणात 3,500 भागिले 3,00,000, गुणिले 12, बरोबर 14 टक्के. सांगितलंय 9 टक्के आणि पहिल्या ओळीत व्याज 4,061 दिसतंय, तर तुम्हाला कळलं काय झालंय ते.

तिसरं, फिक्स्ड लिहिलंय तेवढ्यावर थांबू नका. PDF मध्ये `revise` आणि `sole discretion` हे शब्द सर्च करा. काही ॲग्रीमेंटमध्ये शेड्यूलमध्ये फिक्स्ड असतं आणि आत कुठेतरी, बाजारातली परिस्थिती बदलली तर कंपनी स्वतःच्या मर्जीने दर बदलू शकेल, असं वाक्य असतं. दर बदलला तरी तो पुढच्या काळासाठीच लागू करता येतो, मागच्या तारखेपासून नाही, पण मुळात हे वाक्य आहे का हे सहीच्या आधी कळलेलं बरं.

हप्त्यांचा तक्ता

KFS सोबत हप्त्यांचा पूर्ण तक्ता द्यावा लागतो, त्यात दर महिन्याला मुद्दल किती, व्याज किती, शिल्लक किती हे असतं. आपल्या उदाहरणात पहिल्या हप्त्यात 3,500 व्याज आणि 6,753 मुद्दल. एक वर्ष भरून झालं की तुमचे 1,23,039 रुपये गेलेले असतात पण मुद्दल कमी झालेलं असतं फक्त 86,447 ने, शिल्लक 2,13,553. लोक इथे चिडतात, फसवलं म्हणतात, तसं नाहीये. सुरुवातीला शिल्लक जास्त म्हणून व्याज जास्त, गणितच तसं आहे, पण हे लक्षात ठेवा कारण लोन कधी बंद करायचं हे यावरच ठरतं.

तक्त्यात नसणारी एक गोष्ट म्हणजे अधल्यामधल्या दिवसांचं व्याज, याला ब्रोकन पीरियड इंटरेस्ट किंवा प्री-EMI म्हणतात. पैसे आले 18 जानेवारीला, हप्त्याची तारीख दर महिन्याची 5, आणि पहिला हप्ता थेट 5 मार्चला. मग 18 जानेवारी ते 5 फेब्रुवारी या 18 दिवसांचं व्याज वेगळं घेतात, 3 लाखांवर 14 टक्क्यांनी 2,071 रुपये, आणि ते कधीकधी लोन देतानाच कापून घेतात. घेणं चूक नाही, पण मोजायला सुरुवात कुठून केली ते बघा. व्याज पैसे प्रत्यक्ष दिल्यापासून लागलं पाहिजे, सँक्शनच्या किंवा ॲग्रीमेंटच्या तारखेपासून नाही, हे रिझर्व्ह बँकेने 29 एप्रिल 2024 च्या सर्क्युलरमध्ये स्पष्ट सांगितलंय, कारण तपासणीत असे प्रकार सापडले होते. तुमच्या बँक पासबुकातली जमा तारीख आणि लोन स्टेटमेंटमधली व्याज सुरू झाल्याची तारीख एकच आहे का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

डिफॉल्ट

हा भाग सगळ्यात कमी वाचला जातो आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून इथे जरा थांबतो. सर्च करा `event of default`. हप्ता चुकला की डिफॉल्ट हे सगळ्यांना माहिती असतं, पण त्या क्लॉजमध्ये दहा-पंधरा कारणांची यादी असते आणि त्यातल्या निम्म्यांचा हप्त्याशी काही संबंध नसतो. पत्ता किंवा नोकरी बदलली आणि ठरलेल्या दिवसांत कळवलं नाही, ऑटो डेबिटचं मँडेट रद्द केलं, ॲप्लिकेशनमध्ये दिलेली माहिती चुकीची निघाली, दुसऱ्याच कुठल्या बँकेचं लोन थकवलं (याला क्रॉस डिफॉल्ट म्हणतात), आणि सगळ्यात ढगळ म्हणजे "कर्जदाराच्या परतफेडीच्या क्षमतेवर परिणाम होईल असं काही घडलं असं कंपनीला वाटलं तर". शेवटच्या वाक्यात वाटणारा कोण, तर कंपनी. तुमचे हप्ते वेळेवर चालू असतानाही कागदावर डिफॉल्ट होऊ शकतो, तो असा.

यादी वाचून झाली की तीन गोष्टी तपासा. एक, चूक सुधारायला मुदत आहे का, म्हणजे नोटीस आल्यावर सात दिवस, पंधरा दिवस असं काही लिहिलंय का, की लगेचच. दोन, परिणाम काय. इथे `recall` किंवा `accelerate` शोधा, त्याचा अर्थ राहिलेले सगळे हप्ते एकदम मागणे, महिन्याचे 10,253 नाही तर सगळे 2 लाख आत्ता. तीन, `set-off` आणि `lien` शोधा. लोन ज्या बँकेचं आहे त्याच बँकेत तुमचं पगाराचं खातं किंवा FD असेल तर हा क्लॉज त्यांना तिथून परस्पर वळते करायची परवानगी देतो. म्हणून मी ओळखीच्यांना सांगतो की इमर्जन्सीचे पैसे लोनवाल्या बँकेत ठेवू नका, दुसरीकडे ठेवा.

आता साधा हप्ता चुकला तर काय, ते आकड्यात बघू. समजा 5 तारखेला खात्यात पैसे नव्हते आणि तुम्ही 15 तारखेला 10,253 भरले. बाउन्स चार्ज लोन कंपनीचा 500, तुमच्या बँकेचाही साधारण तेवढाच वेगळा, आणि पीनल चार्ज महिन्याला 2 टक्के धरला तर दहा दिवसांचे 67 रुपये. म्हणजे लोक ज्याला घाबरतात तो दंड किरकोळ आहे, बाउन्स महाग पडतो, आणि कंपनीने त्याच महिन्यात मँडेट परत टाकलं आणि तेही बाउन्स झालं तर परत. पीनल चार्जबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ऑगस्ट 2023 चा, नव्या लोनना 1 एप्रिल 2024 पासून लागू: दंड हा वेगळा चार्ज म्हणून लावायचा, व्याजदर वाढवून नाही, आणि तो मुद्दलात मिळवून त्यावर परत व्याज लावायचं नाही. ॲग्रीमेंटमध्ये अजून `penal interest` आणि `compounded` असे शब्द दिसले तर जुना फॉरमॅट उचललेला आहे, लेखी विचारा.

पण खरी गंमत पुढे आहे. `appropriation` शोधा. आलेले पैसे कुठे आधी जमा करायचे तो क्रम तिथे असतो आणि बहुतेक ठिकाणी तो आधी चार्जेस, मग व्याज, मग मुद्दल असा असतो. म्हणजे तुम्ही 15 तारखेला पूर्ण EMI भरला असं तुम्हाला वाटतं, पण त्यातले 567 आधी चार्जेसमध्ये गेले, आणि EMI मध्ये 567 रुपये कमी पडले. ते 567 थकीत म्हणून तसेच राहतात, पुढच्या महिन्याचा हप्ता मागचं आधी भरतो, आणि खातं कधीच शून्य थकबाकीवर येत नाही. थकबाकीचे दिवस मोजायची पद्धत अशी: 5 मार्चचा हप्ता राहिला तर 30 दिवसांनी 4 एप्रिलला खातं SMA-1 मध्ये, 4 मेला SMA-2 मध्ये, या NPA च्या आधीच्या धोक्याच्या पायऱ्या, आणि 90 दिवस झाले की 3 जूनला NPA, म्हणजे थकीत कर्ज. एकदा NPA झालं की थोडेसे भरून बाहेर येता येत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. म्हणून हप्ता चुकला तर फक्त EMI भरू नका, ॲपमध्ये ओव्हरड्यू आणि चार्जेस धरून आजची एकूण रक्कम किती दाखवतंय ती भरा, आणि भरल्यावर दोन दिवसांनी थकबाकी शून्य दिसतेय का ते परत बघा. सतत पैसे कमी पडून मँडेट बाउन्स होत असेल तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट 2007 च्या कलम 25 खाली चेक बाउन्ससारखी फौजदारी केस होऊ शकते, हेही बऱ्याच जणांना माहिती नसतं.

लवकर बंद करायचं असेल तर

इथे `foreclosure`, `prepayment`, `part payment` आणि `lock-in` हे चारही शब्द सर्च करा, कारण एकेका कंपनीचे शब्द वेगळे. फ्लोटिंग दराच्या लोनवर, व्यवसायासाठी न घेतलेल्या, व्यक्तीला प्रीपेमेंट चार्ज लावता येत नाही, आणि 1 जानेवारी 2026 पासून सँक्शन किंवा रिन्यू झालेल्या लोनसाठी नवीन निर्देशांत हे आणखी स्पष्ट आहे, लॉक-इन, म्हणजे अमुक काळ लोन बंद करता येणार नाही अशी अटही ठेवता येत नाही, पैसे कुठून आणले हेही बघता येत नाही. पण बहुतेक पर्सनल लोन फिक्स्ड असतात आणि तिथे ही सूट नाही, तिथे ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय ते चालतं. फक्त KFS मध्ये दाखवलं नसेल तर घेता येत नाही.

आपल्या उदाहरणात समजा 12 हप्ते होईपर्यंत बंद करता येत नाही आणि नंतर शिल्लक मुद्दलावर 4 टक्के अधिक GST. बारावा हप्ता भरला, शिल्लक 2,13,553, चार्ज 8,542 आणि GST 1,538, एकूण 10,080. पुढच्या 24 हप्त्यांत जाणारं व्याज होतं 32,526. म्हणजे बंद केल्यावर 22 हजारांच्या वर वाचतात, करा बंद. आता हेच 30 हप्ते भरल्यावर करायला गेलात तर शिल्लक 59,084, उरलेलं व्याज फक्त 2,436 आणि चार्ज GST धरून 2,789. म्हणजे बोनस आला म्हणून कर्ज मोकळं करायला गेलात आणि साडेतीनशे रुपये तोट्यात आलात! म्हणून चार्ज किती टक्के एवढंच बघू नका, तक्त्यातल्या उरलेल्या ओळींच्या व्याजाची बेरीज करा आणि चार्जशी ताडून बघा. बॅलन्स ट्रान्सफरवाला फोन आला तर हाच हिशोब, फक्त त्यात नव्या लोनचं व्याज आणि प्रोसेसिंग फी पण मिळवा.

थोडे थोडे पैसे आधी भरायचे असतील तर तीन अटी बघा: वर्षातून किती वेळा, शिल्लकच्या किती टक्क्यांपर्यंत, आणि भरल्यावर EMI कमी होतो की मुदत. मुदत कमी केली तर व्याज जास्त वाचतं, पण काही कंपन्या न विचारता EMI कमी करतात, त्यामुळे लेखी सांगा.

ॲपवरून घेतलेलं डिजिटल लोन असेल तर कूलिंग ऑफ पीरियड असतो, किमान एक दिवस, तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं APR प्रमाणे व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं, फार तर प्रोसेसिंग फी ठेवून घेतील, ती आधी सांगितलेली असेल तर.

बंद करताना फोनवरच्या आकड्यावर पैसे टाकू नका, तारीख घातलेलं फोरक्लोजर स्टेटमेंट मागा, कारण आपल्या उदाहरणातल्या शिल्लकेवर रोजचे साधारण 82 रुपये व्याज चढत असतं आणि चार दिवस उशिरा भरलेत तर तेवढ्यासाठी खातं उघडंच राहतं. हप्त्याच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात बंद केलंत तर ऑटो डेबिट आधीच गेलेलं असण्याची शक्यता असते, ते पैसे कधी परत येणार ते लेखी घ्या. मग NOC, म्हणजे काही देणं बाकी नाही असं पत्र घ्यायचं, मँडेट रद्द करायचं, आणि महिन्याभराने क्रेडिट रिपोर्ट काढून त्या लोनपुढे `Closed` आणि शिल्लक शून्य आहे का ते बघायचं, `Settled` असेल तर लगेच लेखी तक्रार करायची, कारण त्याचा अर्थ पूर्ण न भरता तडजोड केली असा होतो.